पेशा आणि छंद जोडून लेखनाचा विषय कसा ठरवावा: चिरा-कौलाच्या घराचे उदाहरण घेऊन

पेशा आणि छंद जोडून लिहायचे ठरवणारे बहुतेक जण दोन शब्द शेजारी ठेवतात आणि त्यालाच विषय समजतात. ‘मी इंजिनियर, मला जुनी घरे आवडतात, म्हणून जुन्या घरांवर लिहीन.’ चार-पाच लेख होतात, फोटो संपतात आणि पुढे काय लिहावे ते सुचत नाही. याचे कारण बहुधा आळस नसतो. विषय ठरवण्याचा क्रम उलटा झालेला असतो: नाव आधी ठेवले जाते, वाचक नंतर शोधला जातो आणि नोकरीचे नियम कुणीतरी हरकत घेतल्यावर आठवतात.

इथे सगळे टप्पे एकाच उदाहरणातून पाहू. समजा, गोव्यात फोंड्याच्या एका खाजगी कंपनीत काम करणारा सिव्हिल इंजिनियर आहे. आठवडाभर साईट, मोजमापे आणि एस्टिमेट. रविवारी दिवाडी, लोटली, चांदर अशा गावांत जाऊन जुनी घरे पाहायची, हा त्याचा छंद. त्याला मराठीत लिहायचे आहे. तुमचा पेशा वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

## १. पेशाची नोंदवही: चार आठवडे

वहीवर हुद्दा लिहू नका. ‘सिव्हिल इंजिनियर’ हा विषय होत नाही. लोक तुम्हाला काय विचारतात, ते विषयाचे कच्चे सामान आहे. चार आठवडे वही जवळ ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाच्या तीन गोष्टी लिहा: कोणी विचारला, नेमक्या कोणत्या शब्दांत विचारला आणि उत्तर मिळाल्यावर तो माणूस काय करणार होता.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच लोक गाळतात. शेजारी विचारतो, ‘भिंतीला ओल येते, काय करू?’ उत्तर ऐकून तो उद्या गवंड्याला बोलावणार असेल, तर त्या प्रश्नात लेख आहे. नुसते ‘अच्छा’ म्हणून निघून जाणार असेल, तर त्या गप्पा आहेत.

दुसऱ्या रकान्यात शब्द सुधारू नका. माणूस ‘शाकारणी’ म्हणाला तर ‘छताची देखभाल’ असे लिहू नका. पुढे मथळे याच शब्दांतून निघतात.

वहीत असेही प्रश्न येतील जे तुमचे नाहीत. ‘घर सगळ्या भावांच्या नावावर आहे, एकजण सही करत नाही, दुरुस्ती करता येईल का?’ गोव्यात हा प्रश्न जुन्या घराबरोबर हमखास येतो, पण त्याचे उत्तर वकिलाकडे आहे. असे प्रश्न पुसू नका, त्यांच्यासमोर फुली मारा. विषयाची हद्द आखताना ही फुल्यांची यादी कामाला येते.

तपासा: चार आठवड्यांनी किमान वीस प्रश्न जमायला हवेत आणि ते निदान सात-आठ वेगवेगळ्या माणसांचे असावेत. सगळे प्रश्न सहकाऱ्यांचेच असतील, तर तुम्ही पेशातल्या लोकांसाठी लिहायला निघाला आहात. तो वेगळा वाचक आहे आणि त्याला छंदाशी फारसे देणेघेणे नसते.

## २. छंद सोलून पाहा

छंदाचे दोन भाग करा: जे तुम्ही नुसते पाहता ते, आणि ज्यासाठी हात, वेळ किंवा पैसा खर्च करता ते. आपल्या इंजिनियरला नक्षीदार खांब आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आवडतात, पण त्या तो फक्त पाहतो. माळ्यावर चढून वासे तपासणे, कौलाच्या पाठीवरचा कारखान्याचा ठसा वाचणे, म्हाताऱ्या सुतारासोबत अर्धा दिवस बसणे, हे तो स्वतः करतो. लिहिण्याजोगा छंद हा दुसरा भाग. पहिला भाग स्वतःसाठी राखून ठेवा, त्याचा एकही लेख करू नका. आठवडाभर घरे, रविवारी घरे आणि रात्री पुन्हा घरांवरच लिहायचे, असे झाले की वर्षभरात छंदाचा वीट येतो. मग लेखही थांबतात आणि रविवारची भटकंतीही.

## ३. जोड घालणे

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात. जोड घालण्याचा साधा नियम असा: कौशल्य पेशातून घ्या, जागा छंदातून घ्या. म्हणजे तपासणे, मोजणे, कारण शोधणे, खर्चाचा अंदाज बांधणे हे इंजिनियरचे काम, आणि ते जिथे करायचे ती जागा म्हणजे चिऱ्याच्या भिंतींचे कौलारू घर.

यातून तीन विषय समोर येतात.

पहिला, ‘गोव्यातील जुन्या घरांचे सौंदर्य’. यात पेशाची गरजच पडत नाही. चांगला कॅमेरा आणि मोकळा रविवार असलेला कोणीही हे लिहू शकतो, आणि लिहितोही.

दुसरा, ‘घरबांधणी मार्गदर्शन’. यात छंद नाहीसा झाला. सिमेंट किती, सळई किती, यावर मोठ्या कंपन्या मुबलक मजकूर देतात. त्यांच्याशी स्पर्धा करण्यात वेळ घालवू नये.

तिसरा, ‘राहत्या चिरा-कौलाच्या घराची दुरुस्ती, घरातल्या माणसासाठी’. इथे दोन्ही लागतात.

जोड खरी आहे की नाही, हे झाकून पाहून ठरवा. एक नमुना लेख मनात धरा. आधी पेशा झाका: इंजिनियर नसलेल्या माणसाला हा लेख लिहिता आला असता का? मग छंद झाका: जुन्या घरांत कधी पाय न ठेवलेल्या इंजिनियरला लिहिता आला असता का? दोन्ही उत्तरे ‘नाही’ आली, तरच जोड टिकते.

हे एका लेखावर करून पाहू. गोव्यात चवथीआधी घर रंगवायची घाई असते आणि चवथ येते भर पावसाळ्यात किंवा तो सरत असताना. ओल्या भिंतीवर रंग चढतो आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. लेखाचा मथळा: ‘चवथीआधी रंग लावायचाय, पण भिंत सुकली आहे का?’ उत्तरात एक चाचणी येते. सुमारे फूटभर चौकोनी, पारदर्शक प्लास्टिकचा कागद भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि एक दिवस तसाच राहू द्यावा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा खालचा भाग गडद झाला, तर ओल भिंतीतून येते आहे, रंग थांबवावा. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असतील, तर तो हवेतला दमटपणा. चाचणी दोन ठिकाणी घ्यावी, एक जमिनीपासून वीतभर वर आणि एक खांद्याच्या उंचीवर. खाली ओल आणि वर कोरडे असे दिसले, तर ओल पायातून चढत असण्याची शक्यता जास्त. वरच जास्त ओल असेल, तर आधी कौले, पावळी आणि झडीची बाजू पाहावी.

आता झाकून पाहा. प्लास्टिकची चाचणी आणि ओलीची दिशा वाचणे हे पेशाचे ज्ञान. पण खालच्या पट्ट्यावर कुणीतरी पूर्वी सिमेंटचा गिलावा मारला असेल, तर तो आधी ठोकून पाहावा लागतो, हे जुन्या घरांत फिरलेल्यालाच आठवेल. चिरा सच्छिद्र असतो. चुन्याच्या गिलाव्यातून त्याची ओल हळूहळू बाहेर सुकते. त्यावर घट्ट सिमेंट आले की ओल अडते, भिंतीत वर सरकते आणि क्षार गिलाव्यामागे साचून तो पोकळ वाजू लागतो. अशा भिंतीवर प्लास्टिकच्या आत थेंब दिसले नाहीत म्हणून ती कोरडी आहे असे म्हणता येत नाही. चाचणीची ही मर्यादा लेखात आली, म्हणजे पेशा आणि छंद दोन्ही कामाला लागले.

इशारा: जोड घालताना तिसरी गोष्ट आणू नका. ‘जुनी घरे, गोव्याचे जेवण आणि प्रवास’ असे केले की झाकून पाहायची चाचणी घेताच येत नाही, कारण काय झाकायचे तेच कळत नाही.

## ४. वाचक एकच, त्याची भाषाही एकच

जुन्या घराच्या दुरुस्तीत बहुतेक वेळा दोन माणसे असतात. एकजण घरात राहतो, गळती पाहतो, बादली ठेवतो, गवंड्याशी बोलतो. दुसरा मुंबईत किंवा परदेशात असतो आणि पैसे पाठवतो. दोघांचे प्रश्न वेगळे. घरातल्याला हवे असते, ‘गवंडी म्हणतो सगळा गिलावा काढूया, खरे आहे का?’ बाहेरच्याला हवे असते, ‘एवढा खर्च योग्य आहे का आणि काम झाले हे इथून कसे कळेल?’ दोघांसाठी एकच लेख लिहिला की तो दोघांनाही अर्धाच उपयोगी पडतो.

निवड वहीवरून करा. पहिल्या रकान्यात कोण जास्त वेळा आले? आपल्या उदाहरणात सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा इथली घरात राहणारी माणसे जास्त असतील, तर भाषा मराठी ठेवणे बरोबर आहे. या माणसांच्या हातात रोज मराठी वर्तमानपत्र असते, पण घराच्या भागांची नावे ती कोकणीतच घेतात. म्हणून वाक्य मराठी ठेवावे आणि वस्तूचे नाव घरातले. ‘नळ्यांचे छप्पर’ वाचून पेडण्यातल्या माणसाला लगेच कळते, ‘अर्धवर्तुळाकार मृत्तिका-कौले’ वाचून कळत नाही. वहीत बाहेरचा माणूस जास्त दिसला, तर इंग्रजीचा विचार करावा लागेल आणि लेखांचा साचाही बदलेल.

तपासा: वाचक एका वाक्यात सांगता आला पाहिजे. ‘जुन्या घरात राहणारा, गवंड्याशी स्वतः बोलणारा, मे महिन्याच्या आत काम उरकायला हवे असणारा माणूस.’ यात ‘आणि सगळे रसिक’ अशी शेपटी जोडावीशी वाटली, तर निवड अजून झालेली नाही.

## ५. पंचवीस मथळ्यांची कसोटी

एका बैठकीत बारा मथळे लिहा, मग आठवडाभरात उरलेले तेरा. पहिले बारा सगळ्यांनाच सुचतात. विषयात दम आहे की नाही, ते पुढच्या तेरांत कळते. प्रत्येक मथळ्यापुढे वहीतल्या प्रश्नाचा क्रमांक टाका. ज्याला क्रमांक नाही तो बाजूला ठेवा.

मग मथळे महिन्यांवर मांडा. चिरा-कौलाच्या घराला स्वतःचे वेळापत्रक आहे. मार्च ते मे शाकारणी, जून-जुलै गळती आणि झड, चवथीआधी रंग, पाऊस संपल्यावर वाळवी आणि क्षारांचे डाग, हिवाळ्यात मोठ्या दुरुस्तीचे एस्टिमेट. लेख गरजेच्या सहा ते आठ आठवडे आधी प्रसिद्ध व्हायला हवा. नव्या संकेतस्थळावरचा मजकूर गूगलच्या शोधात वर यायला वेळ लागतो आणि वाचकालाही सुतार ठरवायला सवड हवी. कौले उतरवण्याआधी काय पाहावे, हा लेख मेच्या शेवटी टाकून उपयोग नाही.

इशारा: वर्षातले सलग चार महिने रिकामे दिसले, तर विषय फार अरुंद आहे. प्रत्येक महिन्यासाठी आणखी पाच-पाच मथळे सहज सुचत असतील, तर तो फार रुंद आहे. बहुधा ‘सगळी जुनी घरे’ आत शिरली आहेत.

## ६. शोध घेऊन पाहा

ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होतो. वहीतल्या शब्दांतच शोधा. आपल्याकडे अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून एकच प्रश्न तीन तऱ्हांनी टाका:

```
"चिऱ्याची भिंत" ओल उपाय
chiryachi bhint ol upay
laterite wall damp plaster Goa
```

पहिल्या दहा निकालांत कोण आहे ते लिहून काढा: माल विकणारी कंपनी, वर्तमानपत्र, व्हिडिओ, की स्वतः काम करणारा माणूस. सगळीकडे लेप विकणारेच दिसले, तर ती तुमच्यासाठी मोकळी जागा आहे, कारण ‘ओल कुठून येते ते आधी शोधा’ हे सांगण्यात विक्रेत्याला रस नसतो. तुमच्याच तोडीचे, त्याच वाचकासाठी लिहिलेले तीन-चार लेख दिसले, तर चौथ्या टप्प्यावर परत जा आणि वाचक बदलून पाहा.

काहीच सापडले नाही म्हणून हुरळून जाऊ नका. त्याची कारणे दोन असू शकतात: कोणी विचारत नाही, किंवा वेगळ्या शब्दांत विचारतात. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांनी तो प्रश्न तुम्हाला विचारल्याची नोंद वहीत असेल, तर शब्द बदलून पाहा. नसेल तर तो मथळा सोडून द्या.

## ७. पेशाचे नियम, पहिला शब्द प्रसिद्ध करण्याआधी

पेशा जोडला की त्याची बंधनेही जोडली जातात. आपला इंजिनियर खाजगी नोकरीत आहे, म्हणून त्याने नेमणूकपत्रातली गोपनीयतेची आणि इतर कामांबद्दलची कलमे वाचावीत आणि लेखी परवानगी घ्यावी. तोंडी ‘चालेल’ वरिष्ठ बदलला की संपते.

सरकारी नोकरीत असाल, तर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ पाहा. गोवा सरकारचे कर्मचारीही त्यात येतात. सरकारी धोरणावर टीका, कार्यालयातली माहिती बाहेर देणे आणि खाजगी व्यवसाय, यांवर त्यात स्वतंत्र नियम आहेत. मते वैयक्तिक असल्याचे स्पष्ट करावे लागतेच. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या माणसाने शेजारच्या पंचायतीच्या कामाचे उदाहरण घेण्याआधी हे वाचलेले असावे. वकील, चार्टर्ड अकाउंटंट आणि डॉक्टर यांना जाहिरातीची बंधने आहेत. विषय समजावून सांगणे वेगळे आणि ‘माझ्याकडे या’ असे सुचवणे वेगळे. लेखाखाली दवाखान्याचा फोन नंबर टाकताना ही रेषा सहज ओलांडली जाते.

दुसरी बाजू जबाबदारीची. न पाहिलेल्या घराबद्दल काय सांगायचे आणि काय नाही, हे आताच ठरवा. चांगली हद्द अशी: वाचक स्वतः सुरक्षितपणे काय तपासू शकतो आणि कोणती खूण दिसली की माणूस बोलवायचा, एवढेच लेखात. वासा टोकाला मऊ लागतो का, हे पेचकस टोचून पाहायला सांगता येईल. तो वासा अजून किती वजन घेईल, हे फोटोवरून कधीही सांगू नये.

तपासा: घरमालकाच्या परवानगीशिवाय एकही फोटो नको. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. चढवण्याआधी ती काढा, नाहीतर लेखात वाड्याचे नाव गाळूनही बंद घराचा पत्ता उघड होतो.

## ८. तीन लेख आधी, नाव नंतर

तीन कच्चे लेख लिहा, तीन तऱ्हांचे. एक प्रश्नाचे उत्तर देणारा: ‘सिमेंटचा गिलावा का सुटतो?’ एक कृतीचा: ‘कौले उतरवण्याआधी माळ्यावरून काय पाहावे?’ आणि एक निर्णयाचा: ‘मोडकी कौले बदलावीत की वर पत्रा घालावा?’ निर्णयाचा लेख सर्वात जड जातो, कारण तिथे बाजू घ्यावी लागते. तो जमला नाही, तर बहुधा त्या भागातला अनुभव कमी आहे. मग विषयाची हद्द तेवढी आत घ्या.

हे लेख वहीतल्या तीन माणसांना वाचायला द्या. ‘आवडला का?’ असे विचारू नका, शेजारधर्माने सगळे ‘हो’च म्हणतील. विचारा, ‘हे वाचून उद्या काय करशील?’ उत्तर तुमच्या लेखातल्या पायरीशी जुळले तर लेख पोचला. ‘गवंड्याला विचारीन’ असेच उत्तर आले, तर गवंड्याला नेमके काय विचारायचे ते लेखात नाही.

नावाला एक संध्याकाळ पुरे. जागा आणि काम दोन्ही दिसले पाहिजेत, उच्चार फोनवर सांगता आला पाहिजे.

## ९. एक पावसाळा जाऊ द्या

वही जानेवारीत सुरू केली, तर मार्चमध्ये पहिला लेख येतो. जूनअखेर गूगलच्या सर्च कन्सोलमधला `Performance` अहवाल उघडा आणि `Queries` पाहा. एकूण भेटी किती, हे आता महत्त्वाचे नाही. लोक कोणत्या शब्दांनी तुमच्यापर्यंत आले ते वाचा आणि वहीतल्या शब्दांशी ताडून पाहा. लेख बऱ्याचदा दिसतो पण उघडला जात नाही, असे असेल तर मथळ्यातला शब्द वाचकाचा नाही. ज्यावर तुम्ही लिहिलेच नाही अशा प्रश्नांसाठी पान दिसत असेल, तर तो पुढचा लेख.

निर्णय दिवाळीनंतर घ्या, तोवर शाकारणीपासून चवथीच्या रंगापर्यंतचा काळ पार पडलेला असतो. वाचकांचे प्रश्न वहीतल्यांसारखेच येत असतील, तर दुसऱ्या वर्षाचे मथळे मांडा. एकाच भागावर, समजा ओलीवर, सगळे प्रश्न येत असतील, तर विषय तिथे अरुंद करा.

स्लॅबच्या गच्चीच्या गळतीबद्दल विचारणारेही बरेच येतील, आणि तेव्हा विषय रुंद करावासा वाटेल. करू नका. स्लॅबची गळती हे वेगळे शास्त्र आहे, वेगळी कारागिरी आहे, आणि तिथे तुमचा छंद कुठेच नाही. त्यांच्यासाठी एकच पान ठेवा: कोणत्या खुणा दिसल्या की कोणाला बोलवावे. पुढचा मथळा पुन्हा कौलाखालचा.